एकशे नऊ बायकांपैकी सहासष्ट

प्रेमिलाताईंचं आणि माझं पहिलं भांडण ‘अंधत्वाच्या उंबरठ्यावर’ या शब्दांवरून झालं. ते मी लिहिलेले होते आणि मला मनापासून आवडलेले होते.

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागे आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथे सात वर्षं मी अर्ज लिहितोय. कोणाला कशासाठी मदत हवी ते बाकीचे येऊन सांगतात, मी ते कागदावर उतरवतो. उतरवताना थोडं चढवतो, असं म्हटलं तरी चालेल. आमचे सचिव महादेवराव यांचं म्हणणं असं, की मागणाऱ्याने रडका चेहरा केल्याशिवाय देणाऱ्याचा हात खिशात जात नाही. माझी लेखणी त्या रडक्या चेहऱ्यात चांगली तयार झाली होती.

प्रेमिलाताई संस्थेच्या वस्तीकार्यकर्त्या. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. माहेर उमरेडचं, सासर इथलं, दोन्हीकडे हातमाग. नवरा वारून बरीच वर्षं झाली. मुलगा हिंगण्याला कंपनीत आहे. तलावापलीकडच्या तीन गल्ल्यांमधली घरं पूर्वी विणकरांची होती. आता माग एकाही घरात नाही. पुरुष कुठे गार्ड आहेत, कुठे ऑटो चालवतात. बायका घरी बसून शेठ लोकांचं काम करतात: साड्यांना फॉल लावणं, पदराला गोंडे बांधणं, ब्लाउजवर मोती टाकणं. सगळं बारीक काम, आणि करणाऱ्या बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या. जवळचं दिसत नाही, तरी चष्मा नाही. या बायकांना चष्मे मिळावेत म्हणून मुंबईच्या एका ट्रस्टकडे आम्ही अर्ज केला होता. तो अर्थातच मी लिहिला होता.

“विणकर वस्तीतील ऐंशी टक्के महिला आज अंधत्वाच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत,” असं पहिलंच वाक्य होतं. अर्ज परत आला. सोबत चार ओळींचं एक पत्र: गरजेला आधार दिलेला नाही, हा आकडा कोणी, कधी, कसा मोजला ते कळवावं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.

प्रेमिलाताईंनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, “ऐंशी कुठून आनले गा?”

“अंदाज आहे, ताई.”

“मी रोज जाते त्या घराईत. कोन आंधळं झालं ते मले त दाखव. बाया भाजी निवडतात, बस पकडतात, टीव्ही पाहतात. फक्त सुईत धागा जात नाही त्याइच्यानं. तू तेवढं लिहिलं असतं त खरं होतं. तू त्याइले पार आंधळ्या करून टाकलं.”

मी म्हटलं, नुसतं सुईत धागा जात नाही म्हणून कोण पैसे देतो? त्यानंतर पुढचे दोन दिवस त्या माझ्याबरोबर चहा प्यायल्या नाहीत. आमच्याकडे ही मोठी शिक्षा आहे.

तिसऱ्या दिवशी वही घेऊन आल्या. म्हणाल्या, मोजू. आधी घरोघर जाऊन यादी केली. चाळिशीच्या वरची, घरी बसून बारीक काम करणारी बाई, एवढीच अट. तीन गल्ल्यांत एकशे अठरा निघाल्या. एकही जास्तीची नाही. लांबच्या नात्यातली एक पाहुणी बाई यादीत घुसायला बघत होती, तिला त्यांनी हाताला धरून बाहेर काढलं. मग समाजभवनात एका रविवारी तपासणी ठेवली. रुपराव म्हणून एक गृहस्थ, तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात नजर तपासण्यात गेलेली, ते फुकट यायला तयार झाले. त्यांच्याकडे जवळचं दिसतं का ते बघायचं कार्ड होतं. त्यावर अक्षरं नसतात, कारण सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही. तीन दातांच्या फणीसारखी खूण असते, ओळीगणिक लहान होत जाणारी. दात कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. ठरलेली बारीक ओळ ओळखली की नजर ठीक.

बायका ओळीने सतरंजीवर बसल्या. एकेक उठून खुर्चीवर जायची, हात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे करायची. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

एकशे अठरापैकी सत्तावीस जणींना ती ओळ ओळखता आली नाही. बाकी एक्याण्णव पास.

महादेवरावांनी कपाळाला हात लावला. “सत्तावीस? सत्तावीस बायाइसाठी मुंबईचा ट्रस्ट कशाले उठंल? जितेंद्र, तू आपला ऐंशी टक्केच ठेव. खाली लिही, शिबिरावर आधारित. कोन येऊन मोजते?”

मी मधला मार्ग काढला. ‘बहुसंख्य महिला’ असं लिहिलं. या शब्दाचा गुण असा की तो कोणालाच खोटा म्हणता येत नाही. मला वाटलं, प्रेमिलाताईंनाही चालेल.

त्यांनी कागद वाचला आणि खाली ठेवला. “सत्तावीस म्हनजे बहुसंख्य नाही होत. पन सत्तावीस बी खरं नाही वाटून राहिलं मले. मी या घराईत फिरते. कायतरी चुकलं आहे.”

“मग आता काय करायचं? आकडा कमी आला म्हणून तो चुकीचा, असं म्हणता येत नाही ना.”

“नाही येत. म्हनूनच पाहून येते,” त्या म्हणाल्या आणि रुपरावांचं कार्ड पिशवीत टाकून निघाल्या. मीही मागोमाग गेलो. खरं सांगायचं तर त्यांची जिरलेली पाहायला गेलो होतो.

पहिलं घर गोदूबाईंचं. गोदूबाई पासष्टीच्या, गल्लीत सगळ्यांत चांगले गोंडे बांधणाऱ्या म्हणून नाव. सतरंजीवर पुढच्याच ओळीत बसल्या होत्या आणि तपासणीत अडखळल्यासुद्धा नव्हत्या. आम्ही गेलो तेव्हा दारातल्या उजेडाला बसून गोंडे बांधत होत्या, साडी अशी लांब धरलेली की हात पुरत नव्हता. बाजूच्या उशीत दहा-बारा सुया ओवून टोचलेल्या. सून सकाळी कामाला जाण्याआधी ओवून ठेवते.

प्रेमिलाताईंनी गप्पा मारता मारता कार्ड काढलं. “गोदूबाई, जरा सांगा बरं पुन्हा.” गोदूबाईंनी साडी मांडीवर ठेवली आणि हात हलवायला सुरुवात केली. उजवीकडे, वर, डावीकडे, डावीकडे, खाली. एकदम सफाईने.

ताईंनी कार्ड उलटं धरलं होतं. वरची बाजू खाली.

मला समजायला एक क्षण लागला. गोदूबाईंना कार्डावरचं काहीच दिसत नव्हतं. त्यांना ते पाठ होतं. सतरंजीवर बसल्या बसल्या आधी खुर्चीवर गेलेल्या बायकांचे हात बघून त्यांनी पाठ केलं होतं, आणि त्यांच्या मागच्यांनी त्यांचं बघून. विणकराच्या घरातल्या बायका या. काठ विणताना किती धागे घ्यायचे, किती सोडायचे, हे ओठातल्या ओठात म्हणत जन्म गेलेला. पाच खुणांचा क्रम लक्षात ठेवणं त्यांच्या डाव्या हाताचा मळ. समाजभवनात आम्ही नजर नाही, पाठांतर तपासलं होतं.

“काहून असं केलं वं?” ताईंनी शांतपणे विचारलं.

गोदूबाई आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. “कामिनीचं काय झालं तुले माहीत नाही का? तिले चष्मा लागला असं शेठले कळलं, त्यानं मोत्याचं काम बंद केलं तिचं. म्हने, आता तुमच्या हातून माल खराब होईल. मी नापास झाली अन् कोनं जाऊन सांगितलं त? मंग खाऊ काय?”

माझ्या लेखणीने त्यांना आंधळं ठरवलं होतं आणि शिबिराने डोळस. दोन्ही वेळा त्यांना काय भीती वाटते हे कोणी विचारलं नव्हतं. मला त्या घरात बसवेना.

पुढचे पाच आठवडे प्रेमिलाताईंनी तपासणी पहिल्यापासून केली. रुपरावांकडून दोन सकाळी शिकून घेतलं. कार्डाला एक दोरा बांधला, टोकाला गाठ. गाठ गालाच्या हाडाला टेकली की कार्ड बरोबर चाळीस सेंटिमीटरवर येतं, मग कोणाला हात लांब करता येत नाही. प्रत्येकीला तिच्याच घरी, एकटीला, उजेडात, आणि दरवेळी कार्ड वेगळ्या बाजूने फिरवून. जिला ती ओळ ओळखता आली नाही तिच्याकडे नंतर रुपराव तयार नंबरांचे चष्मे घेऊन जायचे आणि लावून बघायचे. पास झालेल्यांपैकी दर पाचवी बाईही ते पुन्हा तपासायचे, ताईंचं चुकत नाही ना हे बघायला. ही अट ताईंचीच. नावं एका वहीत, नंबर दुसऱ्या वहीत. नावांची वही ऑफिसच्या कपाटातसुद्धा ठेवू दिली नाही, कारण शेठांपर्यंत पोचायला तिला दोनच गल्ल्या ओलांडाव्या लागल्या असत्या.

अखेर आकडे आले. यादीतल्या एकशे अठरापैकी एकशे नऊ तपासल्या. चार गावी गेलेल्या, पाच जणींनी नको म्हटलं. एकशे नऊपैकी सहासष्ट जणींना ती ओळ दिसत नव्हती. त्यांतल्या सात जणींकडेच चष्मा होता, तोही जुना. तयार चष्मा लावल्यावर अठ्ठावन्न जणींना दिसलं. आठ जणींना कोणत्याच नंबराने दिसलं नाही.

मला आनंद झाला. शंभरात साठ! हे तर माझ्या बहुसंख्यपेक्षा दणदणीत होतं. मी लगेच लिहायला बसलो आणि दुपारी महादेवरावांना वाचून दाखवलं.

ते खूश झाले, पण त्यांच्या दोन सूचना होत्या. एक, समाजभवनातल्या सत्तावीसचा उल्लेख काढून टाक. दोन आकडे पाहिले की देणारा बिचकतो. दुसरी, सहासष्टच्या सहासष्टांना चष्मे मागू. आठ वेगळ्या काढल्या तर लाभार्थी कमी होतात.

मला दोन्ही पटल्या. प्रेमिलाताईंना एकही पटली नाही.

“पहिला आकडा चुकला, तो कसा चुकला, हे लिहिल्याशिवाय दुसऱ्यावर कोनी कसा विश्वास ठेवन?” त्या महादेवरावांना म्हणाल्या. “उद्या त्याइनं गल्लीत विचारलं, तपासनी किती वेळा झाली, त बाया सांगतील दोनदा. मंग आपन लपवलं असं होईल. अन् त्या आठ जनींले चष्म्यानं दिसत नाही. दिसत नाही म्हनून तपासलं, अन् चष्माच देऊन पाठवू? त्याइले दवाखान्याची गरज आहे. गरज लिहाची आहे ना? मंग ज्याची त्याची लिहा.”

“ताई, ट्रस्ट चष्म्याचे पैसे देते. दवाखान्याचे देत नाही.”

“नाही देनार त नाही देनार. पन त्याइले माहीत त पडन.”

महादेवराव माझ्याकडे बघू लागले. अर्ज लिहिणारा मी, शेवटचा शब्द कागदावर माझ्या हातून पडणार. इतकी वर्षं मी नेहमी त्यांच्या बाजूने झुकत आलो होतो. त्या दिवशी म्हणालो, “सर, एकदा ताईंच्या म्हणण्याप्रमाणे पाठवून बघू. परत आला तर मी पुढच्या वेळी हवं तितकं रडेन.” ते चिडले, पण सही केली.

अर्जात शेवटी एका बाईचं उदाहरण द्यायचं होतं, तिची परवानगी घेऊन. गल्लीतलं कोणी नको, ओळखू येईल, म्हणून ताई म्हणाल्या, माझं लिही. मग एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं ते मी ऐकलं.

बेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या विणीत चुका व्हायला लागल्या. करवतकाठाचे दात वाकडे येऊ लागले. नवरा चिडायचा, तुझं लक्ष कुठं आहे म्हणायचा. व्यापारी लुगडं उलगडून बोट ठेवायचा. त्यांना वाटलं, आपण आळशी झालो, हात गेला आपला. रात्री-अपरात्री रडायच्या. कोणी म्हणालं नाही की डोळे दाखव. त्यांना तर वाटायचंच की दिसतंय, कारण लांबचं सगळं स्पष्ट होतं. शेवटी माग उतरवला. सहा वर्षांनी जत्रेत एका फेरीवाल्याचा चष्मा गंमत म्हणून लावला आणि स्वतःच्या तळहातावरच्या रेषा दिसल्या. तिथेच मटकन बसल्या म्हणे.

मी लिहिलं: ‘एका साध्या चष्म्याअभावी पिढ्यान्‌पिढ्यांचा माग कायमचा थांबला, एक संसार उद्ध्वस्त झाला.’ लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.

त्यांनी वाचलं आणि पेन मागितलं. “माग पावरलूमनं गेला, जितूभाऊ. आमच्या गल्लीत ज्याइले चांगलं दिसे त्याइचे बी गेले. शेवटचा माग माझ्या मागून दोन वर्षांनी उतरला. डोळ्यानं माझी ती दोन वर्षं गेली. तेवढी दोनच लिही.”

मी दोन लिहिली. नाराजीनेच लिहिली.

दोन महिन्यांनी ट्रस्टकडून भैरवी नावाच्या एक बाई पाहणीला आल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या, हातात आमचा अर्ज, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. त्यांनी दोऱ्याचं कार्ड मागून घेतलं आणि स्वतःच्या डोळ्यांवर लावून बघितलं. नावं झाकून नंबरांची वही चाळली. समाजभवनातली तपासणी कशी फसली ते विचारलं. ताईंनी जसंच्या तसं सांगितलं, माझ्या ‘बहुसंख्य’सकट. महादेवराव खुर्चीत अवघडून बसले होते.

मग भैरवी मॅडमनी शेवटचं पान काढलं. “हे तुमचं उदाहरण ना? एक विचारू? त्या वेळी चष्मा मिळाला असता, तर तुमचा माग वाचला असता?”

हो म्हटलं की झालं, असा तो प्रश्न होता. महादेवरावांनी ताईंकडे बघून किंचित मान हलवली. माझीही मान, खोटं कशाला बोलू, हलली असावी.

“नाही,” प्रेमिलाताई म्हणाल्या. “माग गेलाच असता. पन मंग तो मी बंद केला असता, मॅडम. कामाले कोनी नाव न ठेवता, शेवटचं लुगडं नीट उतरवून. मी त चुकत चुकत, शिव्या खात उठली त्यावरून. माझा मालक गेला तवरीक त्याले वाटत होतं का मी कामचुकार झाली. अन् मले बी तेच वाटत होतं. सहा वर्षं वाटत होतं.”

एवढं बोलून त्या उठून पाणी प्यायला गेल्या. भैरवी मॅडमनी ते पान पुन्हा अर्जात घातलं आणि गल्लीत चला म्हणाल्या.

महिन्याभरात मंजुरीचं पत्र आलं. अठ्ठावन्न जणींना चष्मे, आणि वर्षानंतर त्याच कार्डाने, त्याच दोऱ्याने, पुन्हा मोजणी. खाली वेगळा परिच्छेद होता: चष्म्याने न दिसणाऱ्या आठ महिला अर्जात स्वतंत्र दाखवल्या आहेत, त्यांच्या तपासणीसाठी नागपुरातल्या एका नेत्र रुग्णालयाशी ट्रस्ट बोलला आहे, जाण्यायेण्याचा खर्च ट्रस्ट करील.

आठांपैकी सहा जणींना मोतीबिंदू निघाला. त्या सहांत गोदूबाई होत्या. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचा चांगलाच पिकलाय, वेळेवर आणलंत. ऑपरेशनच्या दिवशी प्रेमिलाताई त्यांच्या सुनेबरोबर दवाखान्यात बसून होत्या आणि मी बाहेर बाकावर. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून अर्जाची प्रत वाचत बसलो. त्यात उंबरठा नव्हता, उद्ध्वस्त संसार नव्हता. सहासष्ट, अठ्ठावन्न, आठ, दोन वर्षं. माझ्या सात वर्षांच्या लिखाणात इतकं कोरडं पान नव्हतं, आणि ते वाचताना मला एकदा थांबावं लागलं.

तो आठचा आकडा मी सहासष्टांत मिसळायला निघालो होतो. मिसळला असता तर गोदूबाईंच्या नाकावर आम्ही चष्मा चढवला असता, फोटो काढला असता, आणि त्या चष्म्याच्या मागे मोतीबिंदू तसाच पिकत राहिला असता. शेठ काम काढून घेईल या धाकाने त्या दिसतंय म्हणाल्या असत्या. आणि मी अहवालात लिहिलं असतं, एक लाभार्थी वाढली.